प्रपोजलचं पहिलं पान: खर्च, मुदत आणि फायदा एका नजरेत

चाकण-भोसरीकडच्या मध्यम कारखान्याच्या मालकाकडे तुमचं प्रपोजल पोहोचतं ते बहुधा व्हॉट्सॲपवरची पीडीएफ म्हणून. दोन फोनच्या मधल्या वेळात ती उघडली जाते आणि पहिलं पान वाचून होण्याआधीच तिचं काय करायचं हे ठरतं. एकूण पैसे किती जाणार, काम कधी संपणार आणि हातात काय पडणार, या तीन प्रश्नांची उत्तरं तिथे दिसली तर मालक पुढे वाचतो, नाहीतर ‘बघून घ्या’ एवढं लिहून फाइल प्लँट हेडकडे सरकवतो. तिथून ती परत वर यायला कधी दोन आठवडे लागतात, कधी ती येतच नाही.

हा लेख नव्याने प्रपोजल लिहू लागलेल्यांसाठी आहे. लिहून तयार असलेला सुरुवातीचा सारांश दुरुस्त कसा करायचा, एवढंच इथे बघू. त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. कारखाना आणि आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेबाची पद्धत प्रत्यक्ष कामात वापरतात तीच आहे.

समजा, तुम्ही कॉम्प्रेस्ड एअरची कामं करता. एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात ५५ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. तो महिन्याला साधारण २५ दिवस, चोवीस तास चालतो. पाइपलाइनमध्ये जागोजागी हवा गळते. फिटिंग, होज, एफआरएल आणि ड्रेन व्हॉल्व्ह बदलून ती गळती काढायची, असं तुमचं काम आहे. अशी प्रपोजलं बरेचदा इंग्रजीत जातात. इथे नमुना मराठीत दिला आहे, कुठल्याही भाषेत लिहिलंत तरी पायऱ्या त्याच राहतात.

आधी जुना मसुदा बघा:

> आमची संस्था कॉम्प्रेस्ड एअर क्षेत्रात अनेक वर्षांपासून कार्यरत असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे. आपल्या कारखान्यातील यंत्रणेची आम्ही सविस्तर पाहणी केली असता मोठ्या प्रमाणावर गळती आढळून आली. ही गळती दूर केल्यास वीजबिलात लक्षणीय बचत होईल. आमच्या अनुभवी टीमकडून अत्याधुनिक अल्ट्रासॉनिक उपकरणांच्या साह्याने सदर काम कमीत कमी वेळेत व वाजवी दरात पूर्ण केले जाईल. सविस्तर दरपत्रक परिशिष्ट ‘क’ मध्ये जोडले आहे. आपल्या सकारात्मक प्रतिसादाची अपेक्षा आहे.

यात खोटं काहीच नाही आणि भाषाही नीट आहे. तरी मालकाला यातून काहीही कळत नाही.

पहिली पायरी: आकड्यांची जागा अडवणारे शब्द शोधा

मसुद्याची प्रिंट काढा आणि जिथे आकडा यायला हवा होता तिथे बसलेला प्रत्येक शब्द पेनाने अधोरेखित करा. इथे असे चार सापडतात: ‘मोठ्या प्रमाणावर’, ‘लक्षणीय’, ‘कमीत कमी वेळेत’, ‘वाजवी’. आता प्रत्येकासमोर समासात खरा आकडा लिहा आणि तो प्रपोजलच्या कितव्या पानावर आहे तेही लिहा.

हे करताना नेहमीच एक चित्र समोर येतं. खर्चाचा आकडा असतो, पण शेवटच्या परिशिष्टात. मुदत मधल्या एखाद्या पानावर ‘अटी व शर्ती’ खाली बारीक अक्षरात असते. आणि फायद्याचा आकडा कुठेच नसतो, किंवा ‘२० ते ३० टक्क्यांपर्यंत’ अशा स्वरूपात असतो. तिसरा प्रकार निघाला तर लिहिणं तिथेच थांबवा. अशा वेळी अडचण भाषेची नसते, माहितीच हातात नसते. कारखान्यात परत जाऊन मोजमाप घेतल्याशिवाय तो सारांश सुधारणार नाही.

संस्थेची ओळख, ध्येय आणि अनुभव सांगणारी वाक्यं या पानावरून काढून मागे ‘आमच्याविषयी’ मध्ये टाका. ती वाक्यं टाकाऊ नाहीत. मालकाला काम पटलं की पुढचा प्रश्न ‘हे लोक कोण?’ हाच असतो. पण तो आधी पडत नाही.

दुसरी पायरी: फायद्याचा आकडा पक्का करा

पानावर आधी काय येणार ते नंतर ठरवू. हिशेब मात्र फायद्यापासून सुरू करा, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात आणि एकदा ती चूक मालकाच्या मेंटेनन्सवाल्याने पकडली की बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

गळती मोजायची सोपी रीत बहुतेक मेंटेनन्स विभागांना माहीत असते. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. उत्पादन बंद, हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद, पण पाइपलाइन मात्र चालू. अशा वेळी कॉम्प्रेसर सुरू ठेवला तर तो जेवढी हवा भरतो तेवढी सगळी गळतीतच जात असते. तो किती वेळ लोडवर, म्हणजे हवा भरत, चालतो आणि किती वेळ अनलोडवर, म्हणजे हवा न भरता नुसता फिरत, हे घड्याळ लावून चार-पाच फेऱ्या मोजायचं. आपल्या उदाहरणात सरासरी ३ मिनिटं लोड आणि ७ मिनिटं अनलोड आली. म्हणजे दहातली तीन मिनिटं, म्हणून गळती कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३०%.

‘क्षमतेच्या’ हा शब्द सारांशात राहायलाच हवा. हाच कॉम्प्रेसर कामाच्या दिवशी साधारण ७२% वेळ लोडवर असतो असं समजू. मग तयार होणाऱ्या हवेशी तुलना केली तर गळती जवळजवळ ४२% निघते. आकडा मोठा दिसतो म्हणून तो लिहायचा मोह होतो. लिहू नका. काम झाल्यावर तुम्ही तीच गुरुवारची चाचणी करणार आहात आणि ती क्षमतेशीच तुलना करते. आधी एका मापाने आणि नंतर दुसऱ्या मापाने मोजलं तर वाद अटळ आहे.

आता रुपये. गळती ३०% वरून १०% वर आणायची, म्हणजे २०% कमी. कॉम्प्रेसर लोडवर असताना ५८ किलोवॅट घेतो असं पॉवर मीटरवर दिसलं. नवखा माणूस इथे सरळ गुणाकार करतो: ५८ चे २०% म्हणजे ११.६ किलोवॅट, महिन्याचे ६०० तास, झाले जवळपास ७,००० युनिट. ९ रुपये ५० पैशांनी ₹६६,००० ची बचत.

हा हिशेब चुकीचा आहे. हा साधा, एकाच वेगाने चालणारा कॉम्प्रेसर आहे. तो अनलोडवर गेला तरी मोटर फिरतच राहते आणि वीज खात राहते. आपल्या मशीनवर अनलोडची वीज १८ किलोवॅट निघाली. म्हणजे गळती कमी झाल्यामुळे जो वेळ लोडवरून अनलोडवर जाईल, त्या वेळात ५८ वाचणार नाहीत, ५८ उणे १८ म्हणजे ४० किलोवॅट वाचतील. ४० चे २०% म्हणजे ८ किलोवॅट. ६०० तासांचे ४,८०० युनिट. रुपयांत ₹४५,६००. आधीच्या आकड्यापेक्षा महिन्याला वीस हजारांनी कमी, आणि खरा.

युनिटचा दर धरतानाही असाच घसरायला होतं. वीजबिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागलं तर दर फुगतो, कारण त्यात डिमांड चार्जही येतो आणि गळती काढल्याने तो त्याच प्रमाणात उतरेलच असं नाही. त्यामुळे युनिटमागे लागणारे आकार तेवढेच जमेस धरा. आपल्या उदाहरणातले ९ रुपये ५० पैसे तसेच काढलेले आहेत.

गळती कमी झाली की बहुधा हवेचा दाबही थोडा उतरवता येतो आणि दाब १ बारने कमी झाला की कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्के वाचते. ही बचत खरी आहे, पण दाब उतरवता येईल की नाही हे शेवटच्या यंत्राला किती दाब लागतो त्यावर ठरतं. मी असे ‘झालं तर झालं’ फायदे पहिल्या पानावर घेत नाही. ते आतल्या पानांत, वेगळ्या मथळ्याखाली शोभतात. पहिल्या पानावर जो आकडा लिहाल तो तुमच्याकडून वसूल केला जाणार आहे, हे धरून चाला.

तिसरी पायरी: खर्च म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारं सगळं

तुमचं कोटेशन ₹३,२०,००० आहे. जुन्या मसुद्यात तेवढंच परिशिष्टात होतं. पण मालकाला काम पुरं व्हायला लागणारे सगळे पैसे कळायला हवेत. छताजवळच्या लाइनीपर्यंत पोहोचायला भाड्याची सीझर लिफ्ट लागणार, सुट्टीच्या दिवशी त्याचे दोन फिटर बोलावले तर त्यांचा ओव्हरटाइम लागणार. हे तुमच्या बिलात नाही, पण त्याच्या खर्चात आहे. मेंटेनन्स हेडला विचारून अंदाज घ्या. समजा ₹३०,००० निघाले. मग पहिल्या पानावरचा खर्च ₹३,५०,००० आणि खाली त्याची फोड.

असं केल्याने आपला भाव महाग दिसेल, अशी भीती नव्या माणसाला वाटते. उलट घडतं. हा खर्च तुम्ही लपवलात तर तो काम चालू असताना बाहेर येतो आणि त्या दिवशी तुमच्या नावाने ओरड होते. आधीच लिहिलात तर अकाउंट्सवाल्याला लगेच दिसतं की तुम्ही त्याच्या बाजूनेही हिशेब केला आहे.

जीएसटी वेगळा दाखवा, पण रकमेत दाखवा. ‘कर वेगळा’ एवढ्यावर भागवलंत तर वाचणाऱ्याला कॅल्क्युलेटर घ्यावा लागतो. ३,२०,००० वर १८% म्हणजे ₹५७,६००. कारखान्याला त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणून पैसे किती महिन्यांत वसूल होणार याच्या हिशेबात तो धरायचा नाही. गिऱ्हाईक शाळा, धर्मादाय दवाखाना अशांपैकी असेल आणि क्रेडिट घेता येत नसेल, तर मात्र जीएसटी एकूण खर्चातच मिळवा.

मग वसुली: ३,५०,००० भागिले ४५,६०० म्हणजे ७.७ महिने. पानावर ‘सुमारे ८ महिने’ असं लिहा. अंदाजावर उभ्या असलेल्या आकड्याला दशांश चिन्ह लावलं की तो नको इतका नेमका वाटू लागतो.

चौथी पायरी: मुदत कधीपासून मोजायची ते लिहा

‘६ आठवड्यांत काम पूर्ण’ हे वाक्य अर्धवट आहे. कशापासून ६ आठवडे? तुम्ही धरता ॲडव्हान्स खात्यात जमा झाल्यापासून, मालक धरतो ‘करा सुरू’ म्हटल्यापासून. या दोन दिवसांत कधीकधी महिन्याचं अंतर असतं. म्हणून मुदतीच्या ओळीत सुरुवातीचा टप्पा लिहाच: पीओ आणि ॲडव्हान्स मिळाल्यापासून.

त्यापुढे तारखा टाका. आठवडे मोजायला वाचणाऱ्याला वेळ नसतो, तारीख त्याच्या डोक्यात लगेच बसते. आपल्या कामात माल यायला दोन आठवडे, मग तीन गुरुवार काम आणि त्यापुढच्या गुरुवारी चाचणी. २०२६ च्या दिनदर्शिकेप्रमाणे सोमवारी २९ जूनपर्यंत पीओ आणि ॲडव्हान्स आला, तर १६, २३ आणि ३० जुलैला काम होईल आणि ६ ऑगस्टला चाचणी. तारखा टाकण्याआधी त्या आठवड्यांत वारी, गणपती, दिवाळी येते का, आपले आणि त्यांचे फिटर गावी जाणार का, हे बघून घ्या.

उत्पादन थांबणार की नाही, हे मुदतीइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते त्याच ओळीत यायला हवं. मालकाच्या मनात पहिली धास्ती तीच असते. गुरुवारी काम करणार म्हणून ‘उत्पादन थांबणार नाही’ असं लगेच लिहून टाकू नका. सुट्टीच्या दिवशीही एखादी भट्टी किंवा टेस्टिंगची खोली हवेवर चालू असते का, हे मेंटेनन्स हेडकडून लेखी घ्या. तशी असेल तर तिच्यासाठी तात्पुरती लाइन लागेल आणि तिचा खर्च तिसऱ्या पायरीत जाईल.

आणखी एक गोष्ट. डिस्पॅचचा जोर असला की कारखाने गुरुवारीही चालतात. तेव्हा एक गुरुवार बुडाला की मुदत एक आठवड्याने पुढे जाते, हे स्पष्ट लिहा. ती तुमची सबब वाटत नाही, कारण आधी सांगितलेली असते.

पाचवी पायरी: पान नव्याने लिहा

आता जुना मसुदा बाजूला ठेवा. त्यातली वाक्यं ठाकठीक करत बसलात तर ‘सदर काम’ आणि ‘आढळून आली’ पुन्हा आत शिरतात. कोरं पान घ्या आणि पहिल्या वाक्यात अडचण, दुसऱ्यात तुम्ही काय मागताय ते लिहा. अनेक सारांशांत मागणीच नसते. वाचून झाल्यावर मालकाला कळत नाही की सही करायची आहे, भेटीची वेळ द्यायची आहे की नुसतं वाचायचं आहे.

नवा मसुदा असा झाला:

> कॉम्प्रेस्ड एअरची गळती काढणे: मंजुरीसाठी
>
> आपल्या ५५ किलोवॅट कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३०% हवा गळतीत जाते. ती १०% किंवा त्याखाली आणण्याच्या कामाला मंजुरी द्यावी, ही विनंती.
>
> खर्च: एकूण ₹३,५०,०००. (आमचे काम ₹३,२०,०००, लिफ्टचे भाडे व ओव्हरटाइम, आपल्याकडून, अंदाजे ₹३०,०००.) आमच्या कामावर जीएसटी ₹५७,६०० वेगळा.
>
> मुदत: पीओ व ॲडव्हान्स मिळाल्यापासून ६ आठवडे. २९ जूनपर्यंत मिळाल्यास ६ ऑगस्टला पूर्ण. काम फक्त तीन गुरुवारी. उत्पादन थांबणार नाही.
>
> फायदा: महिन्याला सुमारे ४,८०० युनिट, म्हणजे सुमारे ₹४५,६०० ची वीज वाचेल. खर्च सुमारे ८ महिन्यांत भरून निघेल.
>
> गळती आपल्या मेंटेनन्स विभागासमोर गुरुवारी मोजली आहे (पान ३). काम झाल्यावर तीच चाचणी पुन्हा करू. गळती १०% च्या वर राहिल्यास ती खाली येईपर्यंत बिलाचे शेवटचे २०% देऊ नयेत.
>
> आपल्याकडून लागेल: तीन गुरुवारी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ हवा बंद ठेवण्याची परवानगी आणि दोन फिटर. एखादा गुरुवार न मिळाल्यास काम एक आठवडा पुढे जाईल.

दोन-तीन गोष्टींची कारणं सांगतो. खर्च सगळ्यात वर ठेवला, कारण लपवला तरी वाचणारा तोच आधी शोधतो. तो शोधत असताना मधलं काहीही त्याच्या डोक्यात शिरत नाही. खर्च कळला की तो शांतपणे खाली येतो. ओळींच्या सुरुवातीला ठळक अक्षरात एकेकच शब्द आहे, त्यामुळे पान नुसतं सरकवणाऱ्यालाही तीन खिळे दिसतात. तक्ता केला असता तरी चाललं असतं, पण फोनवर तक्त्याचे रकाने बारीक होतात आणि आकडे दोन ओळींत तुटतात. म्हणून मी साध्या ओळीच ठेवतो.

शेवटच्या २०% ची अट घालण्याआधी घरी नीट विचार करा. चाचणीचा निकाल फक्त तुमच्या कामावर अवलंबून असेल तरच ती घाला. इथे तसं आहे, कारण गुरुवारी यंत्रं बंद असतात आणि उरते ती फक्त पाइपलाइन. हीच अट तुम्ही ‘वीजबिल ₹४५,६०० ने कमी न झाल्यास’ अशी लिहिलीत तर फसाल. पुढच्या महिन्यात त्यांनी नवीन प्रेस लावला, ऑर्डर वाढल्या, की गळती बंद होऊनही बिल चढेल. वचन गळतीच्या टक्क्यांचं द्या आणि रुपये अंदाज म्हणून सांगा. ‘सुमारे’ हा शब्द रुपयांसमोर आहे, १०% समोर नाही, तो याचसाठी.

फिटिंग पुन्हा सैल होतात, होज पुन्हा चिरतात, म्हणून ठरावीक महिन्यांनी फेरी मारून गळती तपासावी लागते. हे पहिल्या पानावर नसलं तरी आतल्या पानावर नक्की लिहा. बचत कायमची आहे असं कुठेही सूचित होऊ देऊ नका.

सहावी पायरी: पाठवण्याआधीची तपासणी

पीडीएफ स्वतःच्या फोनवर उघडा आणि झूम न करता बघा. खर्च, मुदत, फायदा हे तिन्ही पहिल्या स्क्रीनवर दिसायला हवेत. दिसत नसतील तर वरचा लोगो, पत्ता आणि ‘प्रति, मा. व्यवस्थापकीय संचालक’ यांनी जागा खाल्लेली असते. लेटरहेड लहान करा, पत्ता तळाला न्या.

मग या कामाची माहिती नसलेल्या कुणाला तरी, ऑफिसातल्या अकाउंटंटला किंवा घरातल्या माणसाला, अर्धा मिनिट पान दाखवा आणि काढून घ्या. विचारा: किती पैसे, कधीपर्यंत, काय मिळणार, आणि मालकाने नेमकं काय करायचं? चौथ्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात. तसं झालं तर मागणीचं वाक्य अजून पुरेसं सरळ नाही.

त्यानंतर सगळ्यात कंटाळवाणं, पण न टाळता येणारं काम. पहिल्या पानावरचा प्रत्येक आकडा आतल्या पानावरच्या आकड्याशी जुळवा. परिशिष्टात ₹३,२०,००० आणि पहिल्या पानावर ₹३,२५,००० असलं, तर खरेदी विभाग कमी आकडा धरतो आणि ते बरोबरच आहे. आठवडे, टक्के, गुरुवारांची संख्या, सगळं जुळवा. मोजमापाच्या पानाचा क्रमांक खरंच ३ आहे का, तेही बघा.

व्हॉट्सॲपवर पाठवताना सोबतच्या संदेशात ‘प्रपोजल पाठवत आहे, कृपया पाहावे’ एवढंच लिहू नका. तीन आकडे तिथेही द्या: ‘साहेब, एअर लीकेजचं प्रपोजल. एकूण खर्च साडेतीन लाख अधिक जीएसटी, ६ आठवडे, महिन्याला सुमारे ४५ हजारांची वीज वाचेल. २९ जूनपर्यंत पीओ मिळाला तर ६ ऑगस्टला काम संपतं.’ मालक पीडीएफ न उघडता हा संदेश भागीदाराला पुढे पाठवतो, आणि तुम्ही समोर नसताना त्यांचं बोलणं याच आकड्यांवर होतं.

भाव घासला गेला की पान पुन्हा बदलावं लागतं, आणि इथेच बरेच जण ढिले पडतात. समजा, मालकाने ₹३,००,००० वर तोडलं. मग जीएसटी ₹५४,०००, एकूण खर्च ₹३,३०,०००, वसुली ७.२ महिने, म्हणजे ‘सुमारे ७ महिने’. ॲडव्हान्स ४०% असेल तर तो ₹१,२८,००० वरून ₹१,२०,००० वर येतो. त्या चर्चेत तारीखही सरकली असेल तर चारही गुरुवार नव्याने मोजावे लागतात. हे सगळे आकडे एका एक्सेल शीटमध्ये एकमेकांना जोडून ठेवा, म्हणजे मूळ किंमत बदलली की बाकीचे आपोआप बदलतील. फाइलच्या नावात ‘सुधारित १’ आणि तारीख टाका, पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यातही तेच छापा आणि जुनी पीडीएफ रद्द समजावी असं संदेशात लिहून पाठवा. पीओ हातात आला की त्यावरची रक्कम आणि मुदत या सुधारित पानाशी जुळते का ते बघूनच मालाची ऑर्डर द्या.